वरची कापलेली पट्टी

शकू साळवीला पाच मिनिटं एका जागी बसवून दाखवणारा माणूस डोंबिवलीजवळच्या कोपरमध्ये अजून जन्माला यायचाय. गॅसवर दूध ठेवलं की ती तेवढ्यात गॅलरीतले कपडे काढणार, बहिणीला फोन लावणार, फोनवर बोलता बोलता चादरीच्या घड्या घालणार, आणि दूध उतू गेलं की दुधालाच ओरडणार. तिचा नवरा रतन म्हणतो, "हिच्या पायाला भिंगरी आहेच, डोक्यालाही एक आहे." सत्तेचाळिसावं चालू आहे बाईला. या वयात माणसं जरा सावकाश होतात म्हणे. कुठली माणसं, देव जाणे.

आणि हीच शकू ऑफिसात मात्र सगळ्यात चोख काम करणारी म्हणून प्रसिद्ध होती. होती म्हणजे, त्या सोमवारपर्यंत होती.

ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. दहा-अकरा माणसं. दवाखाने, लॅब, डायलिसिस सेंटर असल्यांच्या वेबसाइट सांभाळायच्या, हा धंदा. कुठे डॉक्टर बदलला, कुठे वेळ बदलली, कुठे फोन नंबर बदलला, की तो बदल साइटवर करायचा. प्रत्येक कामाचं एक टास्क असतं. म्हणजे कॉम्प्युटरवरचं एक पान, त्यावर काय करायचं ते लिहिलेलं. ज्याने काम केलं त्याने खाली लिहायचं, फाइल जोडायच्या आणि पुढे पाठवायचं. पुढे म्हणजे सलिलकडे. सलिल हा मालकांचा, देवेशसरांचा भागीदार. मूळचा डोंबिवलीचाच, पण आता कॅनडात राहतो. प्रत्येक टास्क तो तपासतो आणि त्याने पास म्हटल्याशिवाय काम झालं असं गिऱ्हाइकाला कळवत नाहीत.

गंमत अशी की सलिलची सकाळ उजाडते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. इकडे माणसं डबे धुऊन पिशव्या आवरायला लागतात आणि तिकडे हा चहाचा कप घेऊन बसतो. त्याने एकच प्रश्न विचारला, "हे लाइव्ह साइटवर केलंत की टेस्टवर?" लाइव्ह म्हणजे लोकांना दिसणारी, टेस्ट म्हणजे सरावाची. प्रश्न एवढाच, तरी तो इथे वाचला जाणार दुसऱ्या दिवशी सकाळी. उत्तर त्याला मिळणार संध्याकाळी. गेला ना एक दिवस! दोन प्रश्न विचारले की दोन दिवस. कामाला लागलेला असतो अर्धा तास, आणि चौकशीत आठवडा जातो.

शकूला हे पहिल्या महिन्यातच असह्य झालं. प्रश्न आला असेल का, आला असेल तर काय असेल, या विचाराने ती रात्रभर कूस बदलायची. सकाळी कोपरहून निघताना डबा विसरेल, पण फोनवर टास्क बघणं विसरायची नाही. शेवटी तिने ठरवलं, प्रश्न येऊच द्यायचा नाही. प्रत्येक कामाला तीन स्क्रीनशॉट, म्हणजे पडद्याचे फोटो. पहिला, बदलाआधी पान कसं होतं त्याचा. दुसरा, आतल्या फॉर्मचा, जिथे बदल भरतात. सेव्ह दाबेपर्यंत तिथलं बटण निळं असतं, दाबलं की राखाडी होतं. राखाडी झाल्यावरच फोटो. आणि तिसरा, साइट वेगळ्या खिडकीत नव्याने उघडून, बाहेरच्या माणसाला दिसते तशी. त्यात वरची पट्टी आली पाहिजे, म्हणजे कुठल्या पत्त्यावरचं पान आहे ते कळतं. खाली कोपऱ्यातलं घड्याळ आलं पाहिजे, म्हणजे कधीचं ते कळतं. आणि जो बदल केला त्याच्याभोवती लाल चौकट.

ही लाल चौकट तिने माहेराहून आणली होती. वडील, विठ्ठलबाबा, कल्याणजवळच्या मोहने गावातल्या एका रंगाच्या छोट्या कारखान्यात होते. तो कारखाना आता नाही. पाळी संपताना व्हॉल्व बंद करायचे हे त्यांचं काम. एकदा कोणीतरी आळ घेतला की विठ्ठलने व्हॉल्व उघडा टाकला. बंद केला होता हो त्यांनी! पण दाखवणार काय? आठ दिवस घरी बसवलं. त्यानंतर विठ्ठलबाबा बंद केलेल्या प्रत्येक व्हॉल्वला लाल चिंधी बांधायला लागले. घरात कुठलंही लाल कापड फाटलं की आई म्हणायची, "ठेवा, ह्यांच्या व्हॉल्वला होईल." शकू लहानपणी वडिलांचा डबा घेऊन जायची तेव्हा त्या चिंध्या तिला दिसायच्या. सुपरवायझर नुसतं लांबून बघायचा आणि पुढे जायचा. विचारायचाच नाही.

तसंच सलिलचंही झालं. वर्षभरात त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "शकूताईंच्या टास्कला मी प्रश्नच विचारत नाही. फोटो बघतो आणि पास करतो." देवेशसर तर कोणी नवीन आलं की तिचंच टास्क उघडून दाखवायचे. शकू दोन वर्षं कंत्राटावर होती. येत्या महिन्यात कायम करायचं पत्र द्यायचं, असंही त्यांनी बोलून दाखवलं होतं. तिने ते रतनला सांगितलं, बहिणीला सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं. पोटात काही राहतंय का हिच्या?

आता प्राची. प्राची ठाण्यातल्याच बाळकुमची, तिशीची, तिथल्या जुन्या घराण्यातली. शेतं गेली, तिथे टॉवर उभे राहिले, घरचा लग्नाचा हॉल आहे. तिला नोकरीची गरज काय, असं ऑफिसात सगळेच म्हणायचे. घरचेही तेच म्हणायचे, "हॉलचं बुकिंग बघ, कशाला मरमर करतेस?" प्राचीला ते हॉलचं बुकिंग म्हटलं की अंगावर काटा यायचा. ती भांडून कॉम्प्युटर शिकलेली, भांडून नोकरीला लागलेली. साइटचे मोठे बदल, म्हणजे नवीन सोयी टाकणं, जुनं काढणं, ते तिचं काम. त्याला रिलीज म्हणतात. हुशार पोरगी. पण टास्कवर लिहायचं म्हटलं की एकच शब्द, "डन." ना फोटो, ना काही. सलिल प्रश्न विचारायचा आणि ही उत्तर द्यायची, "केलंय ना, बघा की साइटवर."

शकूला ती आवडायची नाही, आणि तिला शकू. "शकूताई, आज कुठला अल्बम जोडला? लग्नाचा की बारशाचा?" असं ती येता-जाता टोचायची. शकूच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "तुझ्यासारखं नुसतं डन लिहून पळत नाही मी," असं तीही सुनवायची. मार्चमध्ये प्राचीच्या एका रिलीजने एका लॅबचा मजकूर पुसला गेला होता तेव्हा देवेशसरांनी तिला शेवटची ताकीद दिली होती. आणि त्या दिवशी शकूने, खरं सांगायचं तर, मनातल्या मनात पेढा खाल्ला होता.

तर तो शुक्रवार. कल्याणचं एक डायलिसिस सेंटर सोमवारपासून नवीन जागेत जाणार होतं. पत्ता, फोन, वेळ, तिन्ही बदलायचं टास्क शकूकडे. पाच वाजून गेले होते. घरी निघायच्या आत पाठवलं नाही तर शनिवार-रविवार सलिल नसतो, म्हणजे थेट सोमवार उजाडणार. शकूचे पाय टेबलाखाली नाचत होते. फॉर्म भरला. फॉर्म भरून होतोय तोवर मागून प्राची, "शकूताई, अल्बम झाला का? लोकं खोळंबलीत." शकू वळली, दोन वाक्यं सुनावली, परत वळली, भराभरा फोटो काढले, लाल चौकटी टाकल्या.

तिसरा फोटो जोडताना तिचं लक्ष वर गेलं. वरच्या पट्टीत, साइटच्या शेजारीच, तिने दुपारी उघडून ठेवलेलं दुसरं पान दिसत होतं. त्याचं नाव ठसठशीत, "चाळिशीनंतर चिडचिड का होते? सात घरगुती उपाय."

अगं बाई! हे सलिलला दिसणार? देवेशसर नवीन माणसांना दाखवणार? आणि प्राची? प्राचीने बघितलं तर वर्षभर जगू द्यायची नाही. शकूने घाईघाईने फोटोची वरची पट्टी कापून टाकली, जोडला, पाठवला. खिडकी बंद करताना मध्ये काहीतरी चौकोन आला, हो की नाही असं विचारणारा. असले चौकोन दिवसाला पन्नास येतात. तिने हो दाबलं आणि पिशवी उचलली. जिना उतरेपर्यंत फोनवर सलिलचा निरोप, "पास. नेहमीसारखं सुरेख." शनिवार-रविवार ती खुशीत होती. रविवारी तर मटण केलं.

सोमवारी सकाळी साडेनऊला देवेशसर केबिनच्या दारात उभे होते. शकू टेकायच्या आतच त्यांनी काय झालं ते सांगितलं.

साताऱ्याहून एक आजोबा लेकीकडे कल्याणला आले होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं त्यांना. नेहमीच्या पेशंटना सेंटरने फोन करून नवी जागा कळवली होती. पण हे पाहुणे. लेकीने साइटवरून पत्ता घेतला आणि सोमवारी सकाळी साडेसातला वडिलांना रिक्षाने नेलं. साइटवर जुनाच पत्ता! शटर खाली, फोन बंद. आजोबांच्या पायाला सूज, त्यांना धड बसवेना. लेक रस्त्यावर उभी राहून रडत होती. शेवटी शेजारच्या चहावाल्याने नवी जागा सांगितली. आजोबा मशीनवर गेले, आता बरे आहेत. पण सेंटरच्या बाईंनी देवेशसरांना असं काही झाडलं होतं की त्यांचा आवाज अजून नीट लागत नव्हता.

"साइट आत्ता प्राचीने दुरुस्त केली," ते म्हणाले. "आता मला फक्त हे कळू दे की झालं कसं."

मोठ्या पडद्यावर त्यांनी दोन टास्क शेजारी शेजारी लावली. डावीकडे शकूचं, शुक्रवार, तीन फोटो, लाल चौकटीत नवा पत्ता. उजवीकडे प्राचीचं, शनिवार, त्याच साइटवरचं रिलीज. त्याखाली एकच शब्द, डन.

"शुक्रवारी पत्ता बदलला होता, हे दिसतंय. शनिवारी तू रिलीज केलंस आणि आज जुना पत्ता आहे. मार्चमध्येही हेच झालं होतं."

"सर, मी फक्त अपॉइंटमेंटचं बटण टाकलं. पत्त्याला हातही लावला नाही," प्राची म्हणाली.

"दाखव."

"काय दाखवू?"

"रिलीजच्या आधी ते पान कसं होतं, नंतर कसं होतं. एखादा फोटो? काहीतरी?"

फोटो नव्हताच. ती साइट कोणीतरी फार पूर्वी बांधलेली, कोणी कधी काय बदललं याची नोंद त्यात राहतच नाही. उलट रिलीज झालं की सगळ्या पानांवर त्याच दिवसाची तारीख पडते. बॅकअप गुरुवारचा, त्यात जुना पत्ता असणारच. थोडक्यात, प्राचीकडे स्वतःच्या तोंडाशिवाय काही नव्हतं.

"मी केलं नाही, सर," ती परत म्हणाली.

"सहा वाजता सेंटरला उत्तर द्यायचंय. त्याआधी सलिलशी बोलतो," देवेशसर म्हणाले. "पण प्राची, ताकीद शेवटची होती. उद्यापासून... बघू. तू सामान आवरून ठेव." मग शकूकडे वळून म्हणाले, "तुमचं बरं आहे शकूताई. तुमच्याकडे पुरावा आहे."

शकू जागेवर येऊन बसली. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, दोन मिनिटं. मग काहीतरी टोचायला लागलं. आजोबा रस्त्यावर उभे आहेत हे डोळ्यांपुढून हलेना. ती पाणी प्यायली, परत प्यायली, बाटली भरायला उठली आणि न भरताच परत आली. आपलं टास्क उघडलं. स्वतःच्या कामाकडे जरा अभिमानाने बघावं म्हणून उघडलं, असंही म्हणता येईल. दुसरा फोटो. फॉर्म. नवा पत्ता, नवा फोन, नवी वेळ. लाल चौकट. आणि चौकटीच्या बाहेर, खाली उजवीकडे, सेव्हचं बटण.

निळं.

तिने फोटो मोठा केला. अजून मोठा केला. डोळे चोळले. बटण निळंच होतं.

सेव्ह दाबायच्या आधीच फोटो काढला होता. प्राचीशी भांडायला वळली आणि परत वळल्यावर हाताला वाटलं की सेव्ह दाबून झालंय. मग तिसरा फोटो? त्यात तर पान नव्या पत्त्यासकट दिसत होतं! तिने आपल्या कॉम्प्युटरमधला मूळ फोटो शोधला, न कापलेला. वरच्या पट्टीत साइटचा पत्ता होता, आणि त्याच्या शेपटीला एक शब्द, प्रिव्ह्यू. म्हणजे सेव्ह केलं तर पान कसं दिसेल त्याचा नमुना. घाईत साइट नव्याने उघडायच्याऐवजी तिने हा नमुनाच टिपला होता. बाहेरच्या माणसाला तो कधीच दिसत नाही. आणि त्या शब्दाच्या वरच, चाळिशीनंतर चिडचिड का होते. एक पट्टी कापली, त्यात दोन्ही गेलं. तो हो की नाहीचा चौकोन काय विचारत होता तेही आता कळलं. बदल सेव्ह केलेले नाहीत, तरी जायचं का? आणि ही म्हणाली होती, हो.

हे कोणालाच दिसणार नव्हतं, ही खरी मेख. निळं आणि राखाडी बटण यातला फरक ऑफिसात तिच्याएवढा कोण बघतो? सलिलने फोटो बघून पास केलेलं होतं. देवेशसरांनी पडद्यावर हातभर मोठं करून बघितलं, त्यांना लाल चौकट तेवढी दिसली. ती गप्प बसली तर महिन्याभरात पत्र हातात. आणि प्राची? प्राची जाईल. तिला काय कमी आहे, घरचा हॉल आहे, असा विचार शकूच्या मनात आला, आणि आला तसा तिला स्वतःचीच किळस आली.

प्राची समोरच होती. खण उघडून एकेक वस्तू पिशवीत टाकत होती. कप. चार्जर. केसांची क्लिप. एकदाही वर बघत नव्हती. आज अल्बमवरून ती काही बोलली असती तर शकूला केवढं हलकं वाटलं असतं.

जेवायच्या सुट्टीत शकू डबा न उघडता जिन्यात गेली आणि तिने मोहन्याला, माहेरी, फोन लावला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो. तू ह्या वेळी कशी? काय झालं?"

"काही नाही. बाबा, ती तुमची चिंधी. ती व्हॉल्व बंद करायच्या आधी बांधायचात की नंतर?"

अठ्ठ्याहत्तरीचे विठ्ठलबाबा फोनवर असे तडकले की जणू कारखाना अजून चालू आहे. "आधी कशी बांधेन? आधी व्हॉल्व आवळायचा. मग परत जोर लावून बघायचा. मग चिंधी. आधी बांधली की हात म्हणतो झालं, आणि आपण पुढे जातो."

"कधीच नाही बांधलीत आधी?"

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"एकदा," बाबा म्हणाले. "घाई होती. चिंधी बांधली आणि गेटपर्यंत गेलो. मग आठवलं. धावत आलो तर सुपरवायझर त्याच व्हॉल्वसमोरून पुढे गेलेला. बघून पुढे गेलेला गं! विठ्ठलची चिंधी आहे म्हणजे बंद असणारच, असं त्याला वाटलं."

"मग?"

"मग काय, बंद केला. कोणाला कळलं नाही."

"सांगितलं नाहीत?"

"काही झालंच नव्हतं, काय सांगू? झालं असतं तर सांगावं लागलं असतं." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुझ्याकडे काही झालंय का, शकू?"

"ठेवते बाबा," शकू म्हणाली, आणि भिंतीला टेकून चक्क रडली. पाचेक मिनिटं. तेवढी ती एका जागी स्थिर होती, हे इथे नोंदवलं पाहिजे.

वर येऊन तिने आधी देवेशसरांच्या केबिनकडे पाय वळवले. दारापर्यंत गेली, परत आली. दुपारभर हेच चाललं. तोंडाने सांगायला गेली असती तर तिने काय सांगितलं असतं ते तिला नीट माहीत होतं. प्राचीने मध्येच बोलवलं, सलिल दोन दिवस नसणार होता, जुनी साइट आहे. निम्मा दोष इकडेतिकडे वाटून झाला असता. आणि मग सगळ्यांचे प्रश्न सुरू. कसं, कधी, नक्की का. त्यापेक्षा आपली पद्धत बरी.

तिने टास्क पुन्हा उघडलं. दुसरा फोटो घेतला आणि निळ्या बटणाभोवती लाल चौकट टाकली. मग तिसरा, तो मूळचा, न कापलेला. वरच्या पट्टीत प्रिव्ह्यू या शब्दाभोवती दुसरी लाल चौकट. आता या चौकटीच्या बरोबर डोक्यावर ते सात घरगुती उपाय. तिने तेवढी जागा काळी करायला माउस नेला. नेला आणि थांबली. काळं केलं तर सलिल विचारणार, इथे काय झाकलंय? आणि त्याचं बरोबरच असणार. एवढीशी पट्टी झाकायच्या नादातच तर आजोबा रस्त्यावर उभे राहिले.

तिने काही झाकलं नाही. खाली लिहिलं, "शुक्रवारी मी बदल सेव्ह केला नव्हता. बटण निळं आहे. तिसरा फोटो लाइव्ह पानाचा नसून प्रिव्ह्यूचा आहे. वरची पट्टी मी कापली होती म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. प्राचीच्या रिलीजचा यात काही संबंध नाही. आजचं लाइव्ह पान आत्ता वेगळ्या खिडकीत उघडून बघितलं, फोटो सोबत आहे. शकुंतला साळवी." चौथा फोटो जोडला, पट्टीसकट, घड्याळासकट. पाच वाजून दहा मिनिटं. मग तिने पाठवायचं बटण दाबलं, आणि ते राखाडी झालेलं दोनदा बघितलं.

तक्रार आलेल्या टास्कवर काही आलं की ते सगळ्यांच्याच पडद्यावर वाजतं. ऑफिसभर टिंग झालं. माना वर झाल्या, मग खाली गेल्या. देवेशसर बाहेर आले, शकूकडे बघितलं आणि परत आत गेले. अर्ध्या तासाने त्यांनी बोलावलं. पत्र आता पुढे ढकलावं लागेल, सहा महिने तरी, सेंटरला तुमचंच नाव सांगावं लागेल, असं ते म्हणाले. शकू हो म्हणाली. एकदा तिला वाटलं, थोडं रडून घ्यावं, पण ते जिन्यात झालं होतं. सलिलने त्या दिवशी एकच ओळ लिहिली. "प्रश्न नाही. पण यापुढे तुमचंही पान मी स्वतः उघडून बघत जाईन. ते आधीच करायला हवं होतं."

शकू जागेवर आली तेव्हा प्राची शकूच्या खुर्चीपाशी उभी होती. पिशवी हातात, पण पलीकडे तिच्या टेबलावर कप परत ठेवलेला दिसत होता. शकूने मनाची तयारी केली. आता येणार टोमणा, येऊ दे, आजच्या दिवसाचा हक्क आहे तिचा.

"शकूताई," प्राची म्हणाली. तिचे डोळे लाल होते. तिने शकूच्या पडद्यावरच्या फोटोकडे, त्या वरच्या पट्टीकडे बोट केलं. "ते सात उपाय. कुठले आहेत हो? माझी आई हल्ली फार चिडते."

शकूने डोकं धरलं.

"वाचलेच नाहीत गं," ती म्हणाली. "पट्टी कापत बसले ना."